बेस स्पीडच्या पुढे: स्थायी चुंबक ट्रॅक्शन मोटरमधील फील्ड वीकनिंग आणि व्होल्टेजचा हिशेब

विद्युत मोटारगाडीच्या ट्रॅक्शन मोटरच्या, म्हणजे प्रत्यक्ष चाके फिरवणाऱ्या मोटरच्या, माहितीपत्रकात कमाल टॉर्क आणि कमाल शक्ती हे दोन आकडे ठळकपणे दिलेले असतात. परंतु हे दोन्ही आकडे एकाच वेळी हाती येतील असा वेग सहसा एकच असतो. पहिल्या पिढीच्या निसान लीफ गाडीतील मोटर उभ्या स्थितीपासून मिनिटाला २,७३० फेऱ्यांपर्यंत २८० न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि तेथून पुढे ९,८०० फेऱ्यांपर्यंत ८० किलोवॅट शक्ती कायम राखते. या गाडीच्या गिअरचे गुणोत्तर सुमारे ७.९४ आहे आणि चाकाचा घेर दोन मीटरच्या जवळपास आहे, त्यामुळे २,७३० फेरे म्हणजे रस्त्यावरचा ताशी सुमारे ४१ किलोमीटर वेग. पहिल्या टप्प्याला स्थिर टॉर्काचा विभाग आणि दुसऱ्याला स्थिर शक्तीचा विभाग म्हणतात व दोहोंच्या सांध्यावरच्या वेगाला बेस स्पीड म्हणतात. शहराबाहेरच्या प्रवासाचा जवळजवळ सगळा भाग या सांध्याच्या पलीकडे घडतो, आणि तेथे मोटर कशी चालवावी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सांध्याचे मूळ कारण व्होल्टेज आहे. रोटरवरचे चुंबक फिरताना स्टेटरच्या वाइंडिंगमध्ये वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज उत्पन्न करतात, ज्याला बॅक ईएमएफ म्हणतात. शिवाय वाइंडिंगमधून वाहणारा प्रवाहही स्वतःचा चुंबकीय फ्लक्स निर्माण करतो आणि त्याचेही व्होल्टेज वेगाबरोबर वाढते. इन्व्हर्टरला या दोहोंच्या बेरजेइतके व्होल्टेज मोटरला पुरवावे लागते, आणि त्याच्यापाशी असलेले व्होल्टेज बॅटरीने बांधून दिलेले असते. जुन्या डीसी मोटरमध्ये यावर सरळ उपाय होता: क्षेत्र-वाइंडिंगमधील प्रवाहाचा काही भाग बाजूला वळवून चुंबकीय क्षेत्रच क्षीण करायचे, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजमध्ये मोटर अधिक वेगाने फिरते. मुंबईच्या जुन्या डीसी लोकल गाड्यांतही ही रीत होती, आणि 'फील्ड वीकनिंग' म्हणजे क्षेत्र क्षीण करणे हे नाव तिच्यावरूनच आले आहे. स्थायी चुंबकाच्या मोटरमध्ये मात्र वळवण्यासारखा प्रवाहच नसतो, कारण क्षेत्र चुंबकाचे असते आणि चुंबक कमी-जास्त करता येत नाही. म्हणून येथे चुंबकाला हात न लावता स्टेटरमधून असा प्रवाह सोडतात की त्याचा फ्लक्स चुंबकाच्या फ्लक्सच्या विरुद्ध दिशेने उभा राहतो आणि वाइंडिंगला जाणवणारा एकूण फ्लक्स घटतो.

हे नीट मांडण्यासाठी स्टेटरचा प्रवाह रोटरबरोबर फिरणाऱ्या दोन अक्षांवर विभागून पाहतात. डी-अक्ष चुंबकाच्या उत्तर ध्रुवाच्या दिशेने धरतात आणि क्यू-अक्ष त्याच्यापुढे विद्युत कोनात ९० अंशांवर असतो. क्यू-अक्षावरचा प्रवाह चुंबकाशी मिळून टॉर्क देतो, तर डी-अक्षावरचा ऋण प्रवाह चुंबकाचा फ्लक्स कापतो. वाइंडिंगचा रोध तूर्त सोडून दिला तर सगळा विषय दोन सूत्रांत मावतो:

```
V² = ω² · [ (λ + Ld·id)² + (Lq·iq)² ]
T  = 1.5 · p · [ λ + (Ld − Lq)·id ] · iq
```

येथे `V` हे फेजचे शिखर व्होल्टेज, `ω` हा विद्युत कोनीय वेग, `λ` हा चुंबकाचा फ्लक्स, `Ld` आणि `Lq` हे दोन अक्षांवरचे इंडक्टन्स, `p` ही ध्रुवजोड्यांची संख्या आणि `T` हा टॉर्क. पहिल्या सूत्रात `id` ऋण केला की पहिला कंस लहान होतो आणि व्होल्टेजची गरज उतरते. दुसऱ्या सूत्रात एक अधिकचा लाभ दडलेला आहे: ज्या मोटरमध्ये चुंबक रोटरच्या लोखंडात पुरलेले असतात तिचा `Lq` हा `Ld` पेक्षा मोठा असतो, त्यामुळे ऋण `id` टॉर्कात भरच घालतो. या जास्तीच्या टॉर्काला रिलक्टन्स टॉर्क म्हणतात आणि मोटारगाड्यांत पुरलेल्या चुंबकांच्या मोटरला पसंती मिळण्यामागे तो एक प्रमुख कारण आहे. डी-अक्षावरचा ऋण प्रवाह हा वाया जाणारा प्रवाह होय, ही समजूत या जातीच्या मोटरच्या बाबतीत निम्मीच खरी आहे.

पहिल्या सूत्राकडे पाहण्याची उपयुक्त रीत अशी की दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेऊन त्यांना वेगाने भागावे. मग ते असे सांगते की व्होल्टेजला वेगाने भागून जो आकडा येतो तेवढाच एकूण फ्लक्स त्या वेगाला परवडतो. वेग दुप्पट झाला की परवडणारा फ्लक्स निम्मा होतो, बॅटरी उतरली की तो तिच्या प्रमाणात आणखी घटतो, आणि नियंत्रकाचे काम इतकेच उरते की त्या मर्यादेत राहून मागितलेला टॉर्क कमीत कमी प्रवाहात द्यायचा. वेग आणि बॅटरीचे व्होल्टेज या दोन स्वतंत्र गोष्टी न मानता त्यांच्या गुणोत्तराचा एकच हिशेब ठेवला तर पुढचे बहुतेक प्रश्न सोपे होतात.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहणे इष्ट आहे. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट उत्पादनाचे नाहीत, पण मध्यम आकाराच्या गाडीला शोभतील असे निवडले आहेत. बॅटरी ३५० व्होल्टची, ध्रुवजोड्या ४, चुंबकाचा फ्लक्स ०.०७ वेबर, `Ld` ०.१६ मिलिहेन्री, `Lq` ०.४० मिलिहेन्री आणि इन्व्हर्टरची मर्यादा फेजला शिखर ४०० अँपिअर. बॅटरीचे व्होल्टेज तीनच्या वर्गमुळाने भागले की इन्व्हर्टर देऊ शकेल असे फेजचे शिखर व्होल्टेज २०२ येते. नियंत्रणासाठी त्यातले सुमारे ६ टक्के राखून ठेवले तर वापरायला १९० व्होल्ट उरतात. कमीत कमी प्रवाहात जास्तीत जास्त टॉर्क देणारा बिंदू काढला तर ४०० अँपिअरचे वाटप डी-अक्षावर उणे २१९ आणि क्यू-अक्षावर ३३५ असे होते आणि टॉर्क २४६ न्यूटन-मीटर मिळतो. या स्थितीत एकूण फ्लक्स ०.१३८ वेबर असतो, म्हणून १९० व्होल्ट मिनिटाला सुमारे ३,२८० फेऱ्यांवर संपतात. पूर्ण टॉर्कासाठी हाच बेस स्पीड. येथे लक्षात घ्यावे की या मोटरमध्ये बेस स्पीडच्या आतही डी-अक्षावर भरपूर ऋण प्रवाह आहे. तो फ्लक्स कापण्यासाठी नसून रिलक्टन्स टॉर्क मिळवण्यासाठी आहे.

बेस स्पीड ही नकाशावरची ठाम रेघ आहे असे समजणे ही नवख्या अभियंत्याची सर्वांत सामान्य चूक म्हणावी लागेल. भार नसताना फक्त चुंबकाचा फ्लक्स असतो, आणि ०.०७ वेबरसाठी १९० व्होल्ट ६,४८० फेऱ्यांपर्यंत पुरतात; म्हणजे हलक्या पायाने चाललेली हीच गाडी पूर्ण भाराच्या बेस स्पीडच्या जवळपास दुप्पट वेगापर्यंत फील्ड वीकनिंगशिवाय जाते. म्हणून ठरावीक वेग ओलांडला की फील्ड वीकनिंग सुरू करायचे असा नियम प्रोग्रॅममध्ये लिहू नये. सुरुवात वेगावर नव्हे तर व्होल्टेज संपत आले आहे की नाही यावर ठरावी.

आता ९,००० फेऱ्यांवर काय होते ते पाहावे. या वेगाला परवडणारा फ्लक्स ०.०५०४ वेबर आहे, म्हणजे चुंबकाच्या एकट्याच्या फ्लक्सपेक्षाही कमी. त्यामुळे शून्य टॉर्क हवा असला तरी डी-अक्षावर उणे १२२ अँपिअर ठेवावे लागतात. उतारावर पाय उचललेल्या गाडीतही मोटरमधून एवढा प्रवाह वाहत राहतो आणि फेजचा रोध १० मिलिओहम धरला तर सव्वादोनशे वॅटच्या आसपास उष्णता वाइंडिंगमध्ये जाते. उलट पूर्ण ४०० अँपिअर वापरले तर वाटप उणे ३८० आणि १२४ असे होते, टॉर्क १२० न्यूटन-मीटर मिळतो आणि शक्ती ११३ किलोवॅट भरते, जी बेस स्पीडवरच्या साडेचौऱ्याऐंशी किलोवॅटपेक्षा बरीच जास्त आहे. म्हणजे या मोटरची स्वतःची शक्तीरेषा सपाट नसून चढती आहे. माहितीपत्रकातली सपाट रेघ नियंत्रक आखतो, आणि ती बहुधा बॅटरीच्या व गिअरच्या कुवतीवरून आखलेली असते. येथे ८० किलोवॅटची मर्यादा घातली तर स्थिर शक्तीचा विभाग ३,१०० फेऱ्यांच्या सुमारास, म्हणजे व्होल्टेज संपण्याच्या थोडा आधीच सुरू होतो. स्थिर शक्ती आणि फील्ड वीकनिंग या दोन संज्ञा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, पण पहिली मागणीची गोष्ट आहे आणि दुसरी व्होल्टेजची.

८० किलोवॅटच ठेवायचे तर ९,००० फेऱ्यांवर ८५ न्यूटन-मीटर पुरतात आणि त्यासाठी डी-अक्षावर उणे २६६ व क्यू-अक्षावर १०६, मिळून २८६ अँपिअर लागतात. बॅटरी उतरून ३०० व्होल्टवर आली की तीच शक्ती मिळवण्यासाठी वाटप उणे ३१८ आणि ९७ असे सरकते, एकूण प्रवाह ३३२ अँपिअरवर जातो आणि तांब्यातली उष्णता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढते. रिकामी होत आलेल्या बॅटरीनिशी लांब चढ वेगाने चढताना मोटर अधिक तापते त्याचे एक कारण हे आहे. म्हणून शीतकरणाची चाचणी केवळ भरलेल्या बॅटरीवर घेऊन थांबू नये.

ही मोटर एवढ्या लांबपर्यंत शक्ती राखते याचे रहस्य एका गुणोत्तरात आहे. चुंबकाच्या फ्लक्सला `Ld` ने भागले की ४३७ अँपिअर येतात. डी-अक्षावर एवढा ऋण प्रवाह सोडला तर चुंबकाचा फ्लक्स पुरता कापला जाईल. या आकड्याला लक्षण-प्रवाह म्हणता येईल. तो इन्व्हर्टरच्या मर्यादेच्या जितका जवळ, तितका स्थिर शक्तीचा विभाग लांब. आता समजा चुंबक रोटरच्या पृष्ठभागावर चिकटवले आहेत, फ्लक्स तेवढाच आहे आणि दोन्ही अक्षांवरचा इंडक्टन्स ०.०७ मिलिहेन्री आहे. मग लक्षण-प्रवाह १,००० अँपिअर होतो, ४०० अँपिअरमध्ये फ्लक्स फार तर साठ टक्क्यांवर येतो, आणि सुमारे ६,००० फेऱ्यांवर व्होल्टेज संपल्यावर १०,८०० फेऱ्यांपर्यंत टॉर्क थेट शून्य होतो. नियंत्रण कितीही कुशल असले तरी हा फरक भरून निघत नाही. तो मोटर आखतानाच ठरलेला असतो. थॉमस जान्स यांनी १९८७ मध्ये पुरलेल्या चुंबकांच्या मोटरच्या फ्लक्स क्षीण करण्याच्या विभागावर जे विवेचन केले, ते या दिशेच्या पायाभूत कामांपैकी एक मानले जाते.

नियंत्रणाची प्रचलित रीत दुहेरी आहे. मोटर चाचणी-मंचावर मोजून, प्रत्येक टॉर्क आणि प्रत्येक परवडणारा फ्लक्स यांच्या जोडीसाठी `id` आणि `iq` यांचे कोष्टक आधी तयार करतात, कारण प्रत्यक्षात लोखंड संपृक्त होते, इंडक्टन्स प्रवाहाबरोबर बदलतात आणि वरची सूत्रे केवळ अंदाज देतात. परंतु कोष्टक हे एका तापमानाच्या एका मोटरचे असते, म्हणून त्याच्यावर व्होल्टेजचे एक फीडबॅक वलय बसवतात, जे मागितलेले व्होल्टेज मर्यादेजवळ आले की `id` आणखी ऋण करते. त्याचा गाभा असा:

```
v_lim  = 0.94 * vdc / sqrt(3)
v_err  = v_lim - sqrt(vd*vd + vq*vq)
id_fw  = id_fw + ki * Ts * v_err
id_fw  = min(0, max(-id_max, id_fw))
id_ref = max(-id_max, id_table + id_fw)
iq_max = sqrt(i_max*i_max - id_ref*id_ref)
```

यात तीन गोष्टींकडे बारकाईने पाहावे. पहिली, `vdc` हे त्या क्षणी मोजलेले व्होल्टेज असावे, माहितीपत्रकातले नव्हे. दुसरी, चौथ्या ओळीतली मर्यादा काढून टाकली तर व्होल्टेज भरपूर असताना `id_fw` धन बाजूला साचत जाते, आणि मग गरज पडते तेव्हा ते साचलेले उतरेपर्यंत प्रवाह-नियंत्रकाच्या हातून व्होल्टेज निसटलेले असते. तिसरी, ओळींचा क्रम: आधी `id` चा वाटा काढायचा आणि उरलेल्यातून `iq` द्यायचा. बेस स्पीडच्या आत टॉर्काला अग्रक्रम असतो, पण त्याच्या पलीकडे व्होल्टेज राखण्याला असतो, कारण व्होल्टेज गेले की टॉर्कही जातोच. चुंबकाच्या रक्षणासाठी `id_max` हा `i_max` पेक्षा लहान ठेवला असेल, तर `id` मर्यादेला टेकल्यावरही व्होल्टेज अपुरे पडल्यास `iq` कमी करण्याची वेगळी सोय हवी; या सहा ओळींत ती नाही.

राखून ठेवलेले ६ टक्के पाहून पुष्कळांचा जीव खालीवर होतो, कारण तेवढी शक्ती हातची गेल्यासारखी वाटते. पण प्रवाह बदलायचा असेल तर प्रवाह-नियंत्रकाला इंडक्टन्सवर जादा व्होल्टेज टाकावे लागते, आणि सगळे व्होल्टेज फिरण्यातच खर्च झाले असेल तर बदलायला काही उरत नाही. राखीव भाग अपुरा असल्याची खूण नोंदींमध्ये स्पष्ट दिसते: `id` ची मागणी आणि प्रत्यक्ष `id` या दोन रेषा बेस स्पीडपर्यंत एकावर एक बसलेल्या असतात आणि त्यानंतर फाकू लागतात, मागितलेले व्होल्टेज मर्यादेला चिकटून सपाट होते आणि टॉर्क थरथरतो. हे दिसले की नियंत्रकाचे गुणक बदलत बसण्याआधी राखीव व्होल्टेज वाढवून पाहावे.

तरीही रेषा जुळल्या नाहीत तर संशय कोनावर घ्यावा. डी आणि क्यू हे अक्ष रोटरला बांधलेले असल्याने रोटरचा कोन मोजणाऱ्या रिझॉल्व्हरच्या प्रत्येक चुकीची किंमत प्रवाहाच्या वाटपात मोजावी लागते, आणि यांत्रिक कोनातली अर्ध्या अंशाची चूक चार ध्रुवजोड्यांच्या मोटरमध्ये दोन विद्युत अंशांची होते. ९,००० फेऱ्यांवर शून्य टॉर्कासाठी सोडलेले उणे १२२ अँपिअर दोन अंशांनी कलले की त्यांतले सव्वाचार अँपिअर क्यू-अक्षावर पडतात आणि अडीच न्यूटन-मीटर टॉर्क न मागता उत्पन्न होतो. आकडा किरकोळ वाटतो, पण या वेगाला तो सुमारे २.४ किलोवॅट आहे, आणि चूक ज्या दिशेची असेल त्याप्रमाणे गाडी पाय उचललेला असतानाही ओढ घेते किंवा अकारण रोखली जाते. कमी वेगावर ही चूक जवळजवळ लपून राहते, म्हणून ती फील्ड वीकनिंगमध्येच उघडी पडते आणि दोष फील्ड वीकनिंगच्या माथी मारला जातो.

तपासणीची पद्धत साधी आहे. चाचणी-मंचावरच्या दुसऱ्या यंत्राने मोटर ३,००० फेऱ्यांवर फिरवावी, दोन्ही प्रवाह शून्य मागावेत आणि नियंत्रक मागत असलेले `vd` आणि `vq` वाचावेत. प्रवाह नाही म्हणजे फक्त बॅक ईएमएफ आहे, आणि ती पूर्णपणे क्यू-अक्षावर असली पाहिजे: उदाहरणातल्या मोटरसाठी `vq` ८८ व्होल्ट आणि `vd` शून्य. `vd` वर तीन व्होल्ट दिसले तर कोन दोन अंशांनी चुकला आहे. याच वाचनात `vq` ला विद्युत वेगाने भागले की चुंबकाचा त्या वेळचा फ्लक्स मिळतो. निओडिमियम चुंबकाचा फ्लक्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.११ ते ०.१२ टक्क्याने घटत असल्यामुळे २० अंशांवरचा ०.०७ वेबर १२० अंशांवर ०.०६२ च्या आसपास येतो, आणि कोष्टकातल्या त्याच प्रवाहांवर टॉर्क ८५ ऐवजी ८० न्यूटन-मीटर भरतो. म्हणून ही चाचणी मोटर थंड असताना एकदा आणि तापल्यावर पुन्हा घ्यावी.

कोनाची आणखी एक चूक रिझॉल्व्हरमुळे नव्हे तर वेळेमुळे होते. नियंत्रक कोन वाचतो, गणित करतो आणि त्याचे उत्तर पुढच्या आवर्तनात इन्व्हर्टरवर पोचते. हा विलंब साधारण दीड आवर्तनाचा धरतात. आवर्तन सेकंदाला १०,००० वेळा होत असेल तर विलंब १५० मायक्रोसेकंदांचा झाला, आणि ९,००० फेऱ्यांवर तेवढ्यात रोटर ३२ विद्युत अंश पुढे गेलेला असतो. व्होल्टेज लावताना हे ३२ अंश कोनात मिळवले नाहीत, तर डी-अक्षासाठी काढलेल्या व्होल्टेजचा मोठा हिस्सा क्यू-अक्षावर जाऊन पडतो आणि प्रवाहांची वलये अस्थिर होतात. मोटर ठरावीक वेगापर्यंत सुरळीत चालते आणि त्यापुढे एकाएकी शिट्टीसारखा आवाज करीत जादा प्रवाहाच्या दोषावर बंद पडते, असे घडत असेल तर प्रथम ही दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये आहे ना आणि तिची दिशा बरोबर आहे ना हे पाहावे.

अशा रीतीने इन्व्हर्टर मध्येच बंद पडणे हा या विभागातला सर्वांत गंभीर प्रसंग आहे आणि त्याचा विचार आखणीच्या पहिल्या दिवशीच करावा लागतो. फील्ड वीकनिंग चालू असते तोवर बॅक ईएमएफ प्रवाहाने दाबून धरलेली असते. इन्व्हर्टरचे स्विच उघडले की तो दाब जातो आणि चुंबक आपले पूर्ण व्होल्टेज दाखवतात. उदाहरणातल्या मोटरमध्ये ९,००० फेऱ्यांवर दोन फेजांमधले शिखर व्होल्टेज ४५७ होते, तर बॅटरी ३५० व्होल्टची आहे. इन्व्हर्टरमधले डायोड आपोआप वाहू लागतात, मोटर जनित्र बनून बॅटरीत विद्युत लोटते आणि चालकाने न मागितलेला ब्रेक लागतो. या स्थितीला अनियंत्रित जनन म्हणतात. येथे तिचा उंबरठा ६,९०० फेऱ्यांच्या सुमारास आहे, परंतु पुरलेल्या चुंबकांच्या मोटरमध्ये एकदा सुरू झालेले जनन त्या उंबरठ्याच्या खालीही काही काळ चालू राहू शकते. त्यातच बॅटरीचा काँटॅक्टर उघडला तर विद्युत जायला जागाच उरत नाही आणि डीसी बाजूचे कपॅसिटर बॅक ईएमएफच्या पातळीपर्यंत चढतात. कमाल वेग १०,००० फेरे धरला तर ही पातळी ५०८ व्होल्ट होते, आणि उणे २० अंशांच्या हिवाळी सकाळी चुंबक अधिक जोमदार असल्याने ५३० च्या पुढे जाते. ३५० व्होल्टच्या बॅटरीकडे पाहून ४५० व्होल्टचे कपॅसिटर निवडणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यावरचा रूढ उपाय म्हणजे उंबरठ्याच्या वर असताना दोष आढळला तर सगळे स्विच न उघडता खालचे तिन्ही, किंवा वरचे तिन्ही, एकाच वेळी बंद करून मोटरचे तिन्ही फेज एकमेकांना जोडून टाकणे. मग व्होल्टेज बाहेर येतच नाही, वाइंडिंगमध्ये लक्षण-प्रवाहाइतका, म्हणजे ४३७ अँपिअरच्या आसपास प्रवाह फिरत राहतो आणि उच्च वेगाला ब्रेकचा टॉर्क लहान असतो. वेग उतरला की मात्र हा ब्रेक जोर धरतो, म्हणून उंबरठ्याच्या पुरेसे खाली आल्यावर स्विच उघडून मोटर मोकळी सोडतात. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी चुकते ते यापुढच्या पायरीला: चुंबकाची चाचणी ४३७ अँपिअरवर घेतली जाते. पण फेज जोडले त्या क्षणी स्टेटरमध्ये असलेला फ्लक्स जागच्या जागी थिजतो आणि चुंबक त्याच्यासमोरून फिरत राहतात. अर्ध्या विद्युत फेऱ्यानंतर तोच ०.०५०४ वेबर चुंबकाच्या नेमका विरुद्ध येतो, आणि त्या वेळी डी-अक्षावरचा प्रवाह, रोधाने होणारी किंचित घट सोडली तर, उणे ७५२ अँपिअरपर्यंत जातो. ९,००० फेऱ्यांवर हे सारे एका मिलिसेकंदाच्या आत घडते.

निओडिमियम चुंबक जितका तापलेला, तितक्या कमी विरुद्ध क्षेत्राने तो आपले चुंबकत्व कायमचे गमावतो. म्हणून चुंबकाची प्रत निवडताना आणि पुरवठादाराकडून हमी घेताना तपासणीचा बिंदू रोटरच्या कमाल तापमानावरचा हा पहिल्या झोक्याचा प्रवाह असावा; उदाहरणातल्या मोटरसाठी तो ७५२ अँपिअर आहे, ४३७ नव्हे, आणि ४०० तर नव्हेच.